सहकाऱ्यांविषयी इंग्रजीत लिहिताना : ‘अलाँग विथ’नंतर ‘इज’ की ‘आर’?

वागळे इस्टेटमधील ज्या कार्यालयात मी काम करतो, तेथे नव्याने रुजू झालेल्यांचे इंग्रजी ई-मेल पाठवण्यापूर्वी एकदा वाचून देण्याचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. या मसुद्यांत एक चूक इतक्या नियमाने येते की, खालील वाक्य पाहिल्यावर ते कोणी लिहिले असेल हे मला विचारावेही लागत नाही. जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी ते लिहिलेले असते.

```
My manager along with two colleagues are visiting the Airoli office.
```

येथे ‘आर’ चूक आहे आणि ‘इज’ हवे. हे सांगितल्यावर समोरून येणारा प्रश्नही ठरलेला असतो : व्यवस्थापक एक आणि सहकारी दोन, म्हणजे ऐरोलीला प्रत्यक्षात तीन माणसे जाणार, मग क्रियापद एकवचनी कसे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘इंग्रजीत तसेच असते’ असे देऊन भागत नाही, कारण तसे सांगितले की माणूस नियम पाठ करतो आणि पुढच्या आठवड्यात तो भलत्याच ठिकाणी लावतो. खरे तर हा नियम मराठीत आपण लहानपणापासून बिनचूक पाळत आलो आहोत. तो कोठे पाळतो हे एकदा ओळखले आणि मराठीची सवय नेमकी कोठे दगा देते हे पाहून ठेवले, की पुढचे काम सोपे होते. ‘अलाँग विथ’, ‘ॲज वेल ॲज’ आणि ‘टुगेदर विथ’ या तीन शब्दसमूहांपुरतीच ही वाट पायरीपायरीने येथे मांडली आहे.

पहिली पायरी : क्रियापदात वचन दिसते का, ते पाहणे

वाक्य लिहून झाल्यावर प्रथम क्रियापदाकडे पाहावे. इंग्रजीत बहुतेक क्रियापदांना भूतकाळात वचनाप्रमाणे रूप बदलावे लागत नाही आणि ‘विल’, ‘कॅन’, ‘मे’, ‘शुड’, ‘मस्ट’ यांच्यानंतर तर वचनाचा प्रश्नच उरत नाही. ‘विल व्हिजिट’ किंवा ‘व्हिजिटेड’ असे लिहिले असेल, तर एक माणूस असो वा दहा, रूप तेच राहते. वचन उघडे पडते ते फक्त ‘इज’ आणि ‘आर’, ‘वॉज’ आणि ‘वेअर’, ‘हॅज’ आणि ‘हॅव’, ‘डज’ आणि ‘डू’ या जोड्यांत आणि साध्या वर्तमानकाळातील क्रियापदाच्या शेवटी ‘एस’ असण्या-नसण्यामध्ये. यांपैकी कशाचाच वाक्यात प्रश्न नसेल, तर पुढच्या पायऱ्यांची गरज नाही.

दुसरी पायरी : जोडणारा शब्द कोणत्या जातीचा आहे, ते ओळखणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे येथे थोडे थांबावे लागेल. शाळेच्या मराठी व्याकरणात आपण अव्ययांचे चार प्रकार शिकलो. त्यांपैकी दोन येथे उपयोगी पडतात. ‘आणि’, ‘व’ ही उभयान्वयी अव्यये आहेत. ती दोन शब्दांना एकाच पातळीवर शेजारी शेजारी बसवतात. ‘सह’, ‘सोबत’, ‘बरोबर’ ही शब्दयोगी अव्यये आहेत. ती एका नामाला चिकटतात, त्या नामाला सामान्यरूपात आणतात आणि त्याला मुख्य नामाच्या मागे उभे करतात. आता ही दोन वाक्ये वाचावीत :

निखिल आणि मीरा ऐरोलीला गेले.

निखिल मीरासोबत ऐरोलीला गेला.

दोन्ही वाक्यांत ऐरोलीला जाणारी माणसे दोनच आहेत. तरीही पहिल्यात ‘गेले’ आणि दुसऱ्यात ‘गेला’ हे आपण क्षणभरही विचार न करता म्हणतो. ‘निखिल दोन सहकाऱ्यांसह ऐरोलीला गेला’ या वाक्यात तर माणसे तीन आहेत, पण तेथेही ‘गेला’च येते. ‘सहकाऱ्यांसह’ या शब्दात ‘सहकारी’ हे नाम मूळ रूपात उरलेलेच नाही. ते ‘सहकाऱ्यां’ झाले आणि त्याला ‘सह’ चिकटले. असे नाम मराठीत क्रियापदाला आपल्याप्रमाणे वळवू शकत नाही. वळवते ते मोकळे उभे असलेले नाम, म्हणजे ‘निखिल’.

इंग्रजीतील ‘अँड’ हा आपला ‘आणि’ आहे, तर ‘अलाँग विथ’ आणि ‘टुगेदर विथ’ हे आपले ‘सह’ किंवा ‘सोबत’ आहेत. फरक इतकाच की मराठीत ‘सह’ नामाच्या नंतर येते आणि इंग्रजीत ‘अलाँग विथ’ नामाच्या आधी येते. शिवाय इंग्रजी नामाला सामान्यरूप नसल्यामुळे ‘कलीग्ज’ हा शब्द दोन्ही प्रसंगी सारखाच दिसतो आणि तो मोकळा आहे की चिकटलेला आहे हे डोळ्यांना कळत नाही. कळते ते सर्वनाम घेतल्यावर. ‘अलाँग विथ’च्या पुढे ‘आय’ येत नाही, इंग्रजी ‘मी’, म्हणजे `me`, हे कर्मरूप येते. ‘शी’ येत नाही, ‘हर’ येते. मराठीत आपण ‘मीसोबत’ म्हणत नाही, ‘माझ्यासोबत’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. ज्या शब्दाला कर्त्याचे रूपच मिळत नाही, तो वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही आणि म्हणून क्रियापदाचे वचनही ठरवू शकत नाही. माणसे किती जाणार हा हिशेब व्यवहारात खरा असला, तरी क्रियापद तो हिशेब मांडत नाही. ते फक्त कर्त्याच्या जागी कोण बसले आहे हे पाहते.

तिसरी पायरी : तो तुकडा उचलून बाजूला ठेवणे

जोडणारा शब्द ‘अँड’ नसून या तिघांपैकी एक असेल, तर त्या शब्दापासून क्रियापदाच्या अलीकडेपर्यंतचा भाग बोटाने झाकावा आणि उरलेले वाक्य वाचावे. सुरुवातीच्या वाक्यात ‘अलाँग विथ टू कलीग्ज’ झाकले की ‘माय मॅनेजर’ आणि ‘व्हिजिटिंग’ एवढेच उरते आणि त्यांच्यामध्ये ‘इज’ बसणार हे वेगळे सांगावे लागत नाही. मग झाकलेल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्यावा :

```
My manager, along with two colleagues, is visiting the Airoli office.
```

स्वल्पविराम दिल्यामुळे क्रियापद एकवचनी होते असा एक गैरसमज मी अनेकदा ऐकला आहे. तसे नाही, स्वल्पविराम नसता तरी ‘इज’च आले असते. पण स्वल्पविराम दिला की तो तुकडा वेगळा आहे हे वाचणाऱ्याला दिसते आणि लिहिणाऱ्यालाही चूक पटकन दिसते. मात्र दोन द्यावेत किंवा एकही देऊ नये. पहिला देऊन दुसरा विसरला, तर कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम लोंबकळत राहतो आणि ती नवीच चूक होते.

चूक सर्वाधिक होते ती झाकायचा तुकडा लांब असतो तेव्हा. ‘अलाँग विथ’नंतर दोन नवे सहकारी, ते महापेच्या कार्यालयातले, तेही गेल्या महिन्यात रुजू झालेले, असा तपशील येत गेला की क्रियापदापर्यंत पोहोचेतोवर मूळचा ‘मॅनेजर’ विस्मरणात जातो आणि क्रियापद अगदी शेजारच्या अनेकवचनी नामाकडे झुकते. हे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्याकडूनही घडते. तुकडा सात-आठ शब्दांपेक्षा लांबला, तर मी त्याचे वेगळे वाक्य करायला सांगतो.

चौथी पायरी : आदर आणि संख्या वेगळी करणे

येथपर्यंत मराठी आपल्याला साथ देते. येथून ती आडवी येऊ लागते. दुसऱ्या पायरीत मी ‘निखिल’ हे एकेरी नाव मुद्दाम घेतले होते. त्याच्या जागी ‘साहेब’ ठेवून पाहावे : ‘साहेब दोन सहकाऱ्यांसह ऐरोलीला गेले.’ येथे ‘गेले’ आले. ते सहकाऱ्यांमुळे आलेले नाही, साहेबांविषयीच्या आदरामुळे आले आहे. साहेब एकटे गेले असते तरी आपण ‘गेले’च म्हटले असते. पण मराठीतून विचार करणाऱ्या मनात अनेकवचन तयार होऊन बसलेले असते आणि इंग्रजीत उतरताना ते ‘आर’ किंवा ‘हॅव’ होऊन उतरते. सोबत ‘अलाँग विथ टू कलीग्ज’ असले की त्या चुकीला जणू पुरावाच मिळतो.

माझ्या पहिल्या नोकरीत मी स्वतः ‘सर आर ऑन लीव्ह’ असे लिहून मोकळा झालो होतो आणि वर पाठवलेल्या त्या मेलला आलेल्या उत्तरात फक्त ‘किती सर?’ एवढेच विचारलेले होते. त्या दिवशी जे लक्षात आले ते असे की इंग्रजीत तृतीयपुरुषी माणसाविषयी आदर दाखवायला क्रियापद उपयोगी पडत नाही. ‘मिस्टर’, ‘मॅडम’, हुद्दा, वाक्याची नम्रता यांतून तो दाखवता येतो; ‘इज’चे ‘आर’ करून नाही.

यावरचा उपाय थोडा अवघड वाटेल, पण तो चालतो. मनातल्या मनात, आणि फक्त मनातल्या मनात, वरिष्ठांना एकेरीत बोलावे. ‘व्यवस्थापक दोन सहकाऱ्यांसह येत आहेत’ याऐवजी ‘तो दोन सहकाऱ्यांसह येत आहे’ असे म्हणून पाहावे. ‘आहे’ आले, की इंग्रजीत ‘इज’ लिहावे. एकेरी केल्यावरही ‘आहेत’ उरले, तरच कर्ता खरोखर अनेकवचनी आहे.

मराठीची चाचणी कोठे चालत नाही

ही स्वतंत्र पायरी नव्हे, पण वरच्या चाचणीला असलेली एक मर्यादा येथेच सांगितली पाहिजे, कारण ती न सांगितल्यामुळे मी स्वतः शिकवलेली दोन माणसे गोंधळली होती. हे वाक्य पाहावे :

मीराने दोन सहकाऱ्यांसह तीन अहवाल पाठवले आहेत.

येथे मीरा एकेरी आहे, सहकारी ‘सह’ला चिकटलेले आहेत, तरीही शेवटी ‘आहेत’ आले. ते तीन अहवालांमुळे आले. ‘पाठवणे’सारख्या सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मराठीत कर्त्याला ‘ने’ लागतो, कर्मणी प्रयोग होतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते. इंग्रजीत हा प्रकार नाही. तेथे क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते. म्हणून ‘आहेत’वर विसंबून ‘हॅव’ लिहिले, तर फसगत होते. बरोबर वाक्य असे :

```
Meera, along with two colleagues, has sent three reports.
```

‘मीराला जावे लागते’, ‘मीराला माहीत आहे’ अशा वाक्यांतही कर्त्याला ‘ला’ लागल्यामुळे चाचणीचा उपयोग नसतो. अशा वेळी मनातले वाक्य चालू वर्तमानकाळात फिरवून घ्यावे : ‘मीरा दोन सहकाऱ्यांसह अहवाल पाठवत आहे.’ कर्त्याला प्रत्यय नसला आणि काळ हा असला, की चाचणी पुन्हा विश्वासार्ह होते. मग इंग्रजी वाक्याचा काळ कोणताही असो, वचन या चाचणीतून घ्यावे.

पाचवी पायरी : ‘ॲज वेल ॲज’कडे वेगळ्या नजरेने पाहणे

तिघांपैकी हा सर्वांत फसवा आहे आणि त्याचे कारण शब्दकोश आहेत. आपण ‘ॲज वेल ॲज’चा अर्थ ‘तसेच’ असा पाठ केलेला असतो. मराठीत ‘तसेच’ जोडणीचे काम करते आणि ‘व्यवस्थापक तसेच सहकारी उपस्थित होते’ या वाक्यात ते सरळ ‘आणि’सारखे वागते. तेच डोक्यात ठेवून इंग्रजी लिहिले, की क्रियापद आपोआप अनेकवचनी होते.

‘ॲज वेल ॲज’ला ‘तसेच’ न म्हणता ‘बरोबरच’ म्हणावे, हा माझा आग्रह आहे. आणि एवढ्यावर थांबू नये, कारण शब्दांचा क्रमही उलटतो. इंग्रजीत ‘ॲज वेल ॲज’च्या आधी येणारे नाम ही नवी बातमी असते आणि नंतर येणारे नाम आधीपासून माहीत असल्यासारखे मांडलेले असते. मराठीत ‘बरोबरच’ चिकटलेले नाम आधी येते आणि नवी बातमी नंतर ‘ही’ किंवा ‘सुद्धा’ लावून येते. उदाहरणार्थ :

```
The team lead, as well as the trainees, has to sign the register.
```

याचे नैसर्गिक मराठी ‘टीम लीड तसेच प्रशिक्षणार्थी’ असे होत नाही. ते असे होते : ‘प्रशिक्षणार्थींबरोबरच टीम लीडनेही नोंदवहीत सही करायची आहे.’ प्रशिक्षणार्थी सही करतात हे सर्वांना ठाऊक आहे. टीम लीडलाही ती चुकलेली नाही, हे सांगायचे आहे. वाक्याचा रोख टीम लीडवर आहे, म्हणून क्रियापदही त्याच्यामागे जाते. रोख कोठे आहे हे समजले, की ‘हॅज’ हे रूप पाठ करावे लागत नाही. आणि रोख दोघांवर सारखाच असेल, तर ‘ॲज वेल ॲज’ हा शब्दच चुकीचा निवडला गेला आहे. तेथे ‘अँड’ लिहावे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करतो. ‘अलाँग विथ’ आणि ‘टुगेदर विथ’ यांच्याइतका ‘ॲज वेल ॲज’ निखळ शब्दयोगी नाही. तो थोडा उभयान्वयीकडे झुकतो, आणि स्वल्पविराम न देता त्याच्यानंतर अनेकवचनी क्रियापद वापरलेली वाक्ये इंग्रजीत वाचायला मिळतात. ती वाचून कोणी हुज्जत घातली, तर मी वाद घालत नाही. परंतु कार्यालयीन पत्रात आणि स्पर्धा परीक्षांतील चूक ओळखण्याच्या प्रश्नांत पहिल्या नामाप्रमाणेच क्रियापद अपेक्षित असते, तेव्हा नव्याने लिहिणाऱ्याने तेवढाच मार्ग धरावा.

सहावी पायरी : नियम उलटा लावला नाही ना, हे पाहणे

गेल्या पावसाळ्यात एका नव्या मुलीला मी वरचे सगळे समजावून सांगितले. दोन दिवसांनी तिचा मसुदा आला :

```
Three trainees along with the team lead is waiting at the gate.
```

तिने नियम पाठ केला होता, पण असा : ‘अलाँग विथ’ आले की एकवचन. नियम तसा नाही. ‘अलाँग विथ’ एकवचनही आणत नाही आणि अनेकवचनही आणत नाही. तो त्या भांडणात पडतच नाही. मुख्य नाम ‘थ्री ट्रेनीज’ आहे, ते अनेकवचनी आहे, म्हणून येथे ‘आर’च हवे. ‘तीन प्रशिक्षणार्थी टीम लीडसह थांबले आहेत’ या मराठी वाक्यात आपणही ‘आहेत’च म्हणतो. चूक तिची होती त्यापेक्षा माझी अधिक होती, कारण मी दिलेल्या सर्व उदाहरणांत कर्ता एकवचनीच होता. तेव्हापासून मी दोन्ही प्रकारची वाक्ये शेजारी शेजारी दाखवतो.

याच पायरीत आणखी दोन जागा तपासाव्यात. हा तुकडा वाक्याच्या आरंभी आला, तर खरा कर्ता स्वल्पविरामानंतर असतो. ‘अलाँग विथ द ट्रेनीज’ने वाक्य सुरू होऊन पुढे ‘द टीम लीड’ आला, तर क्रियापद ‘इज’ येते. दुसरी जागा ‘वन ऑफ माय कलीग्ज’ची आहे. तेथे कर्ता ‘वन’ आहे, ‘कलीग्ज’ नव्हे. ‘माझ्या सहकाऱ्यांपैकी एक व्यवस्थापकांसह येत आहे’ असे म्हटले की ‘आहे’ ऐकू येते. त्यापुढे ‘अलाँग विथ’ आणि आणखी एखादे अनेकवचनी नाम आले तर एकाच वाक्यात दोन खड्डे होतात, पण दोन्ही तुकडे झाकले की ‘वन’ आणि ‘इज’ एवढेच उरतात.

सातवी पायरी : ‘आय’ने सुरू होणारे वाक्य बदलून लिहिणे

स्वतःबद्दल लिहिताना नियमाने येणारे वाक्य असे असते :

```
I, along with two colleagues, am coming to Mahape.
```

हे व्याकरणाने पूर्ण बरोबर आहे. मराठीतही ‘मी दोन सहकाऱ्यांसह महापेला येत आहे’ असेच म्हणतात, ‘येत आहोत’ म्हणत नाहीत; ‘आहोत’ येते ते ‘मी आणि दोन सहकारी’ म्हटल्यावर. तरीही ‘कलीग्ज’च्या शेजारी ‘ॲम’ वाचताना कानाला खटकते आणि समोरच्यालाही ते चुकीचे वाटण्याची शक्यता असते. बरोबर असूनही संशय उत्पन्न करणारे वाक्य ई-मेलमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. ‘टू कलीग्ज अँड आय आर कमिंग’ असे लिहिले, की प्रश्नच संपतो. ‘ॲज वेल ॲज’नंतर `I` की `me` हा वादही याच युक्तीने टळतो.

आठवी पायरी : जेथे दोघे मिळूनच क्रिया होते, तेथे ‘अँड’

काही विधाने एकट्या माणसाला लागूच पडत नाहीत. ‘दोन अधिकृत स्वाक्षरीकर्ते’, ‘दोघेही’, ‘एकमेकांना’ असे शब्द वाक्यात असतील, तर तुकडा झाकण्याची युक्ती वापरताच वाक्य हास्यास्पद होते. ‘मीरा, टुगेदर विथ निखिल,’ असे लिहून पुढे ‘दोन स्वाक्षरीकर्ते आहेत’ म्हणायचे असेल, तर निखिलला झाकल्यावर मीरा एकटीच दोन स्वाक्षरीकर्ते होऊन बसते. येथे ‘इज’ही बसत नाही आणि ‘आर’ही बसत नाही. अशी अडचण आली, की रूप शोधत बसू नये. जोडणारा शब्द बदलावा. ‘मीरा अँड निखिल आर द टू ऑथोराइज्ड सिग्नेटरीज’ हेच सरळ वाक्य आहे. विशेषतः ‘टुगेदर विथ’मध्ये ‘टुगेदर’ हा शब्द दिसतो म्हणून दोघे समान झाले असे वाटते, पण व्याकरणात तो ‘सह’च राहतो.

यालाच लागून सर्वनामाची बाब येते. ‘मीरा, अलाँग विथ हर कलीग्ज, हॅज’ असे लिहिल्यावर त्याच वाक्यात पुढे अहवाल ‘हर’ होतो, ‘देअर’ नव्हे. अहवाल खरोखर सर्वांचा असेल, तर पुन्हा ‘अँड’कडे वळावे. पुढच्या नव्या वाक्यात मात्र सर्वांना मिळून ‘दे’ म्हणायला हरकत नाही.

एक मसुदा पूर्ण तपासून

ठाण्याहून ऐरोलीच्या कार्यालयाला भेट देण्याविषयीच्या एका मेलमधील या तीन ओळी आहेत. नावे बदलली आहेत, चुका मूळच्याच आहेत.

```
Our manager along with two colleagues from Thane are visiting on Thursday.
The trainees as well as the team lead has received the gate passes.
I together with Meera is taking the Trans-Harbour local.
```

पहिल्या ओळीत ‘आर’ दिसते, म्हणजे वचनाचा प्रश्न आहे. जोडणारा शब्द ‘अलाँग विथ’ आहे, म्हणून ‘अलाँग विथ’पासून ‘ठाणे’पर्यंतचा भाग झाकायचा. उरतो तो ‘अवर मॅनेजर’. व्यवस्थापक एक आहेत; ‘आहेत’ म्हटले ते आदराने, मोजणीने नव्हे. म्हणून ‘इज’ आणि दोन स्वल्पविराम.

दुसऱ्या ओळीत ‘हॅज’ आहे. ‘ॲज वेल ॲज द टीम लीड’ झाकले, तर ‘द ट्रेनीज’ उरतात आणि ते अनेक आहेत, म्हणून ‘हॅव’. ही सहाव्या पायरीतील उलटी चूक आहे. मसुदा लिहिणाऱ्याला मी विचारले, की प्रवेशपत्रे मिळाल्याची मुख्य बातमी कोणाची आहे? तो म्हणाला, “प्रशिक्षणार्थींची. टीम लीडला ती आधीच मिळाली होती.” म्हणजे ‘ॲज वेल ॲज’ची निवड आणि नामांचा क्रम दोन्ही बरोबर होते, फक्त क्रियापद जवळच्या ‘टीम लीड’कडे ओढले गेले होते.

तिसऱ्या ओळीत नियमाप्रमाणे ‘ॲम’ येते. पण ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल दोघे मिळूनच पकडणार आहेत, कोणी मुख्य आणि कोणी सोबतचे असे तेथे काही नाही. म्हणून सातव्या पायरीप्रमाणे ओळच बदलली.

```
Our manager, along with two colleagues from Thane, is visiting on Thursday.
The trainees, as well as the team lead, have received the gate passes.
Meera and I are taking the Trans-Harbour local.
```

तिसऱ्या ओळीत आणखी एक गोष्ट घडली, ती त्याने स्वतःहून दाखवली : ‘आय’ मागे गेला आणि मीराचे नाव पुढे आले. इंग्रजी शिष्टाचारातही स्वतःचा उल्लेख शेवटी करण्याची रीत आहे.

पाठवण्यापूर्वी

मेल लांब असेल, तर सगळी वाक्ये पुन्हा वाचत बसण्याऐवजी मसुदा ब्राउझरमध्ये किंवा वर्डमध्ये असेल तर `Ctrl+F` आणि आउटलुकच्या खिडकीत असेल तर `F4` दाबून `along with` शोधावे, मग `as well as` आणि `together with`. जेथे जेथे ते सापडेल, तेथे फक्त डावीकडचे मुख्य नाम आणि उजवीकडचे मुख्य क्रियापद एवढीच जोडी वाचावी. तुकडा वाक्याच्या आरंभी असेल तर मुख्य नामही उजवीकडे असते आणि प्रश्नार्थक वाक्यात क्रियापद डावीकडे, कर्त्याच्याही आधी सापडते, हे तेवढे लक्षात ठेवावे. ‘इज मीरा, अलाँग विथ द ट्रेनीज, अटेंडिंग?’ या वाक्यातही जोडी ‘मीरा’ आणि ‘इज’ अशीच लागते. ‘ॲज वेल’ हे दोनच शब्द वाक्याच्या शेवटी आले असतील, तर त्यांचा अर्थ ‘सुद्धा’ एवढाच असतो आणि वचनाशी त्यांचा काही संबंध नसतो, म्हणून तेथे न थांबता पुढच्या ठिकाणाकडे जावे.